रोज पावणेतीननंतर व्हॉल्यूम ब्रेकआउट का येतात? इंडिकेटर बाजार दाखवतोय की घड्याळ?

पाचमिनिटवाला | ११ नोव्हेंबर २०२५, संध्या. ६:४०

मंडळी, नमस्कार. तीन महिने एकच पद्धत वहीत लिहून तपासतोय, आणि आज वही चाळताना जे दिसलं त्याने झोप उडाली आहे.

पद्धत साधी आहे. एनएसईचा एक मिडकॅप शेअर, पाच मिनिटांच्या कँडल. भाव मागच्या २० कँडलच्या उच्चांकावर बंद झाला आणि त्या कँडलचा व्हॉल्यूम मागच्या २० कँडलच्या सरासरीच्या दुप्पट असला, की खरेदी. आज प्रत्येक सिग्नलसमोर वेळ लिहून काढली. जवळजवळ सगळे सिग्नल दोनच ठिकाणी आहेत: सकाळी ९:१५ ते ९:३० आणि दुपारी २:४५ ते ३:१०. मधल्या पाच तासांत अगदी तुरळक.

आजचंच सांगतो. ३ वाजताच्या कँडलमध्ये १ लाख १० हजार शेअर्सचे सौदे झाले. मागच्या २० कँडलची सरासरी ५० हजार. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, म्हणून घेतला. सव्वातीनला भाव होता तिथेच परत आला.

माझा प्रश्न असा: खरेखुरे ब्रेकआउट याच वेळांना होतात का? की माझा इंडिकेटर या वेळांना काहीही झालं तरी ओरडतो?

---

ओंकार_त | ११ नोव्हेंबर, संध्या. ७:०५

सोपं आहे भाऊ. पहिली पंधरा मिनिटं आणि शेवटचा अर्धा तास सौदाच करायचा नाही. मी दोन वर्षं ९:३० च्या आधी आणि ३ नंतर हात लावत नाही. कोडमध्ये वेळेचा फिल्टर टाक, विषय संपला.

---

बापू_डोंबिवली | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१०

निखळ अनुभवाचं सांगतो. मी तीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने गेलो. सकाळी ८:१० च्या फास्टला पाय ठेवायला जागा नसायची. ती गर्दी बघून "आज शहरात काहीतरी घडलंय" असं कुणी म्हणालं असतं का? आज काही वेगळं आहे का हे कळायचं, तर आजची ८:१० कालच्या ८:१० शी ताडून बघायची. तुम्ही ८:१० ची गर्दी पहाटे पाचच्या गाडीशी ताडताय.

३ वाजताची कँडल १:२० पासूनच्या कँडलशी मोजली की ती फुगलेली दिसणारच. ती जेवणानंतरची सुस्त वेळ आहे.

---

पाचमिनिटवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

बापूकाका, हे डोक्यात बसलं. मग ओंकार म्हणतोय तसा फिल्टर टाकला तर भागेल ना?

---

अनघा_डीलिंगरूम | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

भागणार नाही. ओंकार, तुझी शिस्त चांगली आहे, ती सोडू नकोस. पण फिल्टर तुझा सौदा थांबवतो, इंडिकेटरचं गणित थांबवत नाही. ९:१५ च्या कँडलवर तू काही केलं नाहीस तरी ती पुढच्या २० कँडलच्या सरासरीत बसलेलीच असते. म्हणजे १०:५५ पर्यंत उतरत नाही.

पाचमिनिटवाला, तुमच्या शेअरसारख्या एखाद्या शेअरचा नेहमीचा दिवस घेऊ, आकडे गोल करून. सकाळची पहिली कँडल ४ लाख, मग अडीच लाख, १ लाख ८० हजार, दीड लाख, आणि तसं उतरत सव्वादहाच्या आधीच्या कँडलला ८० हजार. या १२ कँडलची बेरीज १७ लाख ८० हजार होते. २० भरायला आठ कँडल कालच्या शेवटच्या चाळीस मिनिटांतल्या येतात, आणि त्याही गर्दीच्याच. त्यांची बेरीज धरा १० लाख ७० हजार. एकूण साडेअठ्ठावीस लाख, सरासरी सुमारे १ लाख ४३ हजार.

आता सव्वादहाच्या कँडलला खरंच कुणीतरी मोठा घेणारा आला आणि दीड लाखाचा व्हॉल्यूम झाला. तुमचा इंडिकेटर म्हणेल १.०५ पट, म्हणजे काहीच नाही. पण या शेअरला सव्वादहाला एरवी ७५ हजार होतात. म्हणजे खरा आकडा दुप्पट आहे. सिग्नल होता, तुम्हाला दिसलाच नाही.

उलट आज तीन वाजता १ लाख १० हजार होते. मागचे २० दिवस याच कँडलला किती होतात बघा. १ लाख १५ हजारच्या आसपास असतील तर आज काहीच विशेष नव्हतं, किंचित कमीच होतं.

म्हणून एकच इंडिकेटर दुपारी खोटं ओरडतो आणि सकाळी खरं असताना गप्प बसतो. फिल्टरने पहिली चूक झाकली जाते, दुसरी तशीच राहते.

---

ओंकार_त | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मान्य. सव्वादहाचा मुद्दा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. १० ते पावणेअकरा मला सिग्नल का येत नाहीत, हे मी "बाजार शांत असतो" म्हणून सोडून देत होतो.

---

कोल्हापुरी_क्रूड | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

तुमचं काहीतरी वेगळंच चाललंय. माझ्याकडे उलटं आहे. सकाळी ९ ला बाजार उघडतो तेव्हा क्रूडमध्ये माशी हलत नाही. दुपारीही तेच. संध्याकाळी पाचनंतर जरा हालचाल, आणि खरा खेळ रात्री. उघडताना गर्दी होते हे कुणी सांगितलं?

---

अनघा_डीलिंगरूम | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

दादा, तुम्ही एमसीएक्सचं, म्हणजे कमोडिटी बाजाराचं बोलताय, धागा शेअर बाजाराचा आहे. पण तुमच्या उदाहरणाने मुद्दा पक्का होतो. क्रूडचा भाव न्यूयॉर्कमध्ये ठरतो, म्हणून गर्दी तिथल्या सकाळी होते, आपल्या नाही. एरवी बुधवारी अमेरिकेच्या तेलसाठ्याचे आकडे तिथल्या साडेदहाला येतात. २ नोव्हेंबरला तिथली घड्याळं मागे गेली, त्यामुळे महिन्यापूर्वी रात्री ८ ला येणारे आकडे आता रात्री ९ ला येतात. तुमची २० कँडलची सरासरी या दोन्हींपैकी काहीच ओळखत नाही.

---

कोल्हापुरी_क्रूड | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

हे मात्र बरोबर. गेल्या बुधवारी ८ ला वाट बघत बसलो होतो. कंटाळून सौदा काढला आणि ९ ला उडाला. पुढच्या बुधवारी ९ ला बसतो.

---

मधुरा_च | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४५

मी नवीन आहे, प्रश्न चुकीचा असेल तर सांगा. माझा त्रास व्हॉल्यूमचा नाही, आरएसआयचा आहे. पाच मिनिटांच्या चार्टवर, १४ चा. निफ्टी वर उघडला की पहिल्याच कँडलला आरएसआय ८० दाखवतो. "ओव्हरबॉट" म्हणून मी विकते आणि बाजार तिथेच घुटमळतो किंवा आणखी वर जातो. तीन वेळा स्टॉपलॉस गेला. हेही वेळेमुळेच आहे का?

---

बापू_डोंबिवली | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

मधुरा, प्रश्न अगदी बरोबर आहे. हे कागदावर मांडून दाखवतो, एकदा केलंस की विसरणार नाहीस.

आरएसआयमध्ये दोन सरासऱ्या असतात, चढाची आणि उताराची. समज काल बाजार बंद होताना दोन्ही ३ पॉइंट होत्या. दोन्ही सारख्या, म्हणून आरएसआय ५०. आज बाजार वर उघडला आणि पहिली कँडल कालच्या शेवटच्या कँडलपेक्षा १२० पॉइंट वर बंद झाली. नवी चढाची सरासरी काढताना जुन्या ३ ला १३ ने गुणायचं, त्यात १२० मिळवायचे आणि १४ ने भागायचं. आलं ११.३६. उताराची ३ गुणिले १३ भागिले १४, म्हणजे २.७९. यातून आरएसआय निघतो ८०.

आता बघ, हे १२० पॉइंट पाच मिनिटांत चढले का? नाही. काल साडेतीन ते आज सव्वानऊ, पावणेअठरा तासांत जगात जे काही झालं ते सगळं त्या एका आकड्यात आहे. पण सूत्राला ती एक साधी पाच मिनिटांची कँडल वाटते.

आणि ते लगेच उतरतही नाही. यानंतर समज लागोपाठ सहा कँडल बाजार ४-४ पॉइंट खाली आला. अर्धा तास नुसता उतार. तरी ९:५० ला आरएसआय ६९ दाखवतो. उतरणाऱ्या बाजारात तुला तेजी दिसते, कारण सकाळची ती एक उडी अजून आत बसून आहे.

---

मधुरा_च | १२ नोव्हेंबर, संध्या. ५:१५

काका, मी वहीत करून बघितलं, तुमचेच आकडे आले. मग ही उडी काढून टाकायची कशी?

---

बापू_डोंबिवली | १२ नोव्हेंबर, संध्या. ६:००

एक उपाय असा, की दिवसाच्या पहिल्या कँडलचा बदल कालच्या बंद भावापासून न मोजता तिच्या स्वतःच्या उघडत्या भावापासून मोजायचा. तयार इंडिकेटरमध्ये ही सोय मला मिळाली नाही, स्वतः लिहावं लागतं. माझ्या मते गॅपची, म्हणजे त्या उडीची खबर फेकून द्यायची नाही. ती आरएसआयमध्ये न मिसळता वेगळी बघायची.

---

ओंकार_त | १२ नोव्हेंबर, संध्या. ६:२०

काका, इथे मी सहमत नाही. लोकांचं मन गॅपनेच बदलतं. तुम्ही ती काढली तर आरएसआय बाजाराचा मूड दाखवणार कसा? त्यापेक्षा पहिला तास आरएसआय बघायचाच नाही.

---

बापू_डोंबिवली | १२ नोव्हेंबर, संध्या. ६:४५

असू दे, दोघंही आपापलं तपासू. पण तुझ्या पद्धतीतही एक तास पुरणार नाही. दर कँडलला जुन्याचा चौदावा भाग गळतो, म्हणून तासाभराने, १२ कँडलनंतर, त्या उडीचा चाळीस टक्क्यांच्या वर हिस्सा अजून शिल्लक असतो.

जाता जाता आणखी एक. जे तासाचा चार्ट वापरतात त्यांनी शेवटची कँडल नीट बघावी. बाजार ३७५ मिनिटांचा आहे. सव्वानऊपासून सहा तास सव्वातीनला संपतात आणि उरते पंधरा मिनिटांची शेपटी. ती चार्टवर पूर्ण तासाच्या कँडलसारखीच दिसते, आणि सुपरट्रेंड, एटीआर, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज तिला तेवढंच वजन देतात. याच कारणाने मी ७५ मिनिटांची कँडल वापरतो. दिवसाचे बरोबर पाच समान भाग होतात.

---

सागर_नाशिक | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ही शेपटी मला महाग पडलीय. तासाच्या सुपरट्रेंडने २:१५ ची कँडल बंद होताना, म्हणजे सव्वातीनला, खरेदी दिली. इंट्राडेमध्ये घेतला. पाचच मिनिटांत ब्रोकरने आपोआप काढून टाकला, वर चार्जही लावला. वेळ त्यांच्या नियमांत लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. सिग्नल पुढच्या दोन दिवसांसाठी बरोबर ठरला, पण माझ्या हातात सौदाच नव्हता.

---

अनघा_डीलिंगरूम | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सागरसारखे हजारो सौदे त्याच काही मिनिटांत निघतात, म्हणून तिथला व्हॉल्यूम फुगतो. त्यात कुणाचं मत नसतं, नाइलाज असतो.

दुसरं कारण बंद भाव काढण्याच्या पद्धतीत आहे. एनएसईवर शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, ३ ते ३:३० मधल्या सगळ्या सौद्यांची व्हॉल्यूमनुसार सरासरी. ज्या फंडांना बंद भावाच्या जवळपास खरेदी-विक्री करायची असते, ते आपल्या ऑर्डर मुद्दाम त्या अर्ध्या तासात पसरवतात. मी स्वतः अशा ऑर्डर कित्येक वर्षं हाताळल्या आहेत. हातात दोन लाख शेअर घ्यायचे असायचे, पण शेअर वर जाईल असं आमच्या खोलीत कुणाचंच म्हणणं नसायचं. तुमच्या चार्टवर मात्र तो ब्रेकआउट दिसत असणार.

---

सुमेध_पायथन | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

बापूकाकांची लोकल कोडमध्ये. प्रत्येक कँडल मागच्या २० दिवसांतल्या त्याच वेळेच्या कँडलशी मोजायची:

```python
df['slot'] = df.index.time
g = df.groupby('slot')['volume']
df['base'] = g.transform(lambda s: s.shift(1).rolling(20).median())
df['rvol'] = df['volume'] / df['base']
```

`shift(1)` विसरू नका, नाहीतर आजचा व्हॉल्यूम आजच्याच तुलनेत शिरतो. सरासरीऐवजी मध्यक घेतलाय, कारण निकालाच्या एका दिवशी दहापट व्हॉल्यूम झाला की सरासरी महिनाभर वर ओढलेली राहते.

आणि डेटा कुठला आहे ते बघा. प्री-ओपनमधले सौदे काही ठिकाणी ९:१५ च्या कँडलमध्ये मिळवलेले असतात, काही ठिकाणी नसतात. दोन ठिकाणचा डेटा जोडला तर पहिली कँडल निरर्थक होते.

---

पाचमिनिटवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

सुमेध, मनापासून आभार. तीन महिन्यांवर चालवून बघितलं. पावणेतीननंतरचे बहुतेक सिग्नल गेले. १० ते ११ मध्ये आधी कधीच न दिसलेले काही आले. अनघाताईंचं सव्वादहाचं उदाहरण माझ्या शेअरमध्ये चक्क दोनदा सापडलं.

पण एक नवीन कोडं आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून १:३० ते १:४५ मध्ये सारखे सिग्नल येतात. सप्टेंबरमध्ये तिथे एकही नव्हता. वेळ तर आता काढून टाकली ना? आधी वाटलं मुहूर्ताच्या सौद्यांमुळे असेल, कारण यंदा ते संध्याकाळऐवजी २१ ऑक्टोबरला दुपारी १:४५ ते २:४५ झाले आणि नेहमीच्या वेळेत मिसळले.

---

सुमेध_पायथन | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मुहूर्ताचा दिवस डेटातून काढाच. पण २० दिवसांच्या मध्यकात एका दिवसाने इतका फरक पडणार नाही. शिवाय तुमचे सिग्नल १:३० ला सुरू होतात, मुहूर्त १:४५ ला.

---

रश्मी_लंडन | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

याचं उत्तर माझ्या घरातल्या घड्याळात आहे! २६ ऑक्टोबरला आमच्याकडे घड्याळं एक तास मागे गेली. लंडन आणि फ्रँकफर्ट उन्हाळ्यात भारताच्या १२:३० ला उघडतात, हिवाळ्यात १:३० ला. तुमची दुपारची झोप मोडते ती बरेचदा त्या वेळी. ती वेळच एक तास पुढे सरकली.

४ नोव्हेंबरचं उदाहरण घ्या. मागच्या २० दिवसांत नव्या वेळेचे दिवस सहाच, जुन्या वेळेचे चौदा. म्हणजे १:३० चा "नेहमीचा" आकडा अजून झोपेतलाच होता. आजची कँडल त्याच्याशी मोजली की फुगलेली दिसते. तसंच १२:३० ला उलट दिसत असेल, सगळं नेहमीपेक्षा मंद. बघाल का?

---

पाचमिनिटवाला | १५ नोव्हेंबर, संध्या. ६:३०

बघितलं. २७ ऑक्टोबरनंतर १२:३० ते १ मध्ये गुणोत्तर जवळजवळ रोज १ च्या खाली आहे. रश्मीताई, हे मला वर्षभरातही सुचलं नसतं.

---

अनघा_डीलिंगरूम | १५ नोव्हेंबर, रात्री ९:००

छान पकडलंत रश्मी. २५ तारखेच्या सुमारास जुने दिवस खिडकीबाहेर जातील आणि हे आपोआप शमेल. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर पुन्हा होईल, तेव्हा चार आठवडे १२:३० आणि १:३० च्या सिग्नलकडे दुर्लक्ष करा. ज्या शेअरचा बाहेरच्या बाजाराशी संबंध कमी, त्यात हा परिणामही कमी असतो. आयटी आणि धातूच्या शेअरांत मी तो जास्त पाहिला आहे.

---

ओंकार_त | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२५

मग मंगळवारचं काय? निफ्टीची आठवड्याची एक्स्पायरी सप्टेंबरपासून मंगळवारी आलीय. मंगळवारी तीननंतरची गर्दी बाकी चार दिवसांसारखी नसते. मंगळवार मंगळवारशीच ताडायचा म्हटलं तर २० दिवसांत चारच मंगळवार मिळतात.

---

सुमेध_पायथन | १५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

चारांचा मध्यक अगदीच डळमळीत. २० मंगळवार घ्यायचे तर पाच महिने मागे जावं लागतं, तेव्हा एक्स्पायरी गुरुवारी होती. माझ्याकडे याला उत्तर नाही. सध्या मी मंगळवारी अडीचनंतरचे सिग्नल वेगळ्या रकान्यात लिहितो, एवढंच.

---

मधुरा_च | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

काका, गॅप काढलेला आरएसआय तुमच्या रीतीने वहीत मांडला. ज्या तीन दिवशी माझा स्टॉपलॉस गेला, त्यांतल्या दोन दिवशी पहिल्या कँडलला ८० ऐवजी ५५ च्या आसपास येतो, म्हणजे मी विकलंच नसतं. तिसऱ्या दिवशी मात्र गॅप काढूनही ७४ आला. त्या दिवशी पहिली कँडलच मोठी होती.

---

बापू_डोंबिवली | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

तिसऱ्या दिवशी ती कँडल त्याच वेळेच्या मागच्या २० कँडलपेक्षा मोठी होती का, तेवढं बघ. सव्वानऊची कँडल रोजच मोठी असते. नेहमीएवढीच असेल, तर तो ७४ सुद्धा घड्याळाचाच. नेहमीपेक्षा खरंच मोठी असेल, तर त्या दिवशी तू विकलंस ती चूक वेगळी होती, आणि तिच्यावर आपण दुसरा धागा काढू.

---

पाचमिनिटवाला | १६ नोव्हेंबर, दुपारी १:००

माझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं: सिग्नल वेळेमुळे येत होते. उरलेलं अर्धं, म्हणजे नव्या हिशोबाने आलेले सव्वादहाचे सिग्नल पैसे देतात का, ते मला अजून माहीत नाही. तीन महिन्यांत असे सिग्नल जेमतेम मोजण्याइतके आहेत, त्यावरून काही म्हणणं बरोबर नाही. जुना डेटा मिळवून दोन वर्षांवर चालवतो, मुहूर्ताचे दिवस आणि घड्याळबदलानंतरचे चार आठवडे वगळून. झालं की इथेच टाकतो.